बावीस फुटांचं छत आणि साडेतीन फुटांचं काउंटर: रेंडरमध्ये माणसाचं माप कसं राखायचं

प्रश्न: चिमूर तालुक्यात कोलारा गेटच्या रस्त्यावर एक हॉटेल होतंय, त्याच्या लॉबीचं रेंडर करतोय. ब्लेंडर, सायकल्स. लॉबी २८ बाय ४० फूट, छत २२ फूट, समोर १२ फूट लांबीचं रिसेप्शन काउंटर. सगळं एका फ्रेममध्ये यावं म्हणून लेन्स १६ एमएम आणि कॅमेरा ८ फुटांवर ठेवलाय. छतात २४ डाउनलाइट आहेत, बाहेर दुपारचं ऊन. मालक म्हणतात, "हे त जिनिंगचं गोडाऊन वाटून राहिलं, माणूस केवढा तेच समजत नाही." लाइट वाढवले, माणसं टाकली, तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर:

मालकांनी निदान अचूक केलंय. जिनिंगच्या शेडमध्ये काय असतं ते आठवा. उंच पत्रा, सगळे दिवे वर कैचीला टांगलेले, खाली फरशीवर सगळीकडे सारखाच उजेड, आणि माणसाच्या उंचीवर ओळखीचं असं काही नाही. तुमच्या सीनमध्येही नेमकं हेच आहे. म्हणून दिवे वाढवून काही झालं नाही. चोवीसचे अठ्ठेचाळीस केले तरी ते वरच राहणार.

लॉबी उंच वाटायला हवी असेल तर आधी जमिनीपासूनच्या पहिल्या नऊ फुटांत काय चाललंय ते स्पष्ट दिसायला हवं. तिथे माप लागलं की वरचे तेरा फूट आपोआप उंच वाटतात. ते नाही लागलं तर २२ फुटांचं छत ११ फुटांचं वाटू शकतं, नाहीतर ४० फुटांचं. मी सगळं काम याच क्रमाने करतो, आधी कॅमेरा, मग खालचे दिवे, मग वरचे.

काही गोष्टी तुमच्या ड्रॉइंगवर अवलंबून आहेत आणि ती मी पाहिलेली नाहीत. काउंटरवर आर्किटेक्टने काही खाली उतरवलेलं छत दिलंय का, वर मेझनाइन आहे का, काच कोणत्या दिशेला आहे, यावर थोडंफार बदलेल. मी असं धरून चालतो की काउंटरच्या मागे स्टाफला उभं राहायला जागा सोडून भिंत आहे, आणि कॅमेरा मुख्य दारातून सरळ काउंटरकडे बघतोय. काउंटरची पुढची कड कॅमेऱ्यापासून ३० फूट आणि मागची भिंत ३८ फूट.

आधी कॅमेरा खाली घ्या

फरशी सपाट असेल तर कॅमेऱ्याची उंची हीच चित्रातली क्षितिजरेषा. कॅमेरा ५ फुटांवर असेल तर चित्रात जवळ असो की लांब, कुठेही फरशीपासून त्या रेषेपर्यंतचं अंतर ५ फूटच असतं. म्हणजे उभ्या प्रत्येक माणसाचे डोळे जवळपास एकाच रेषेवर येतात, मग तो दारात असो की काउंटरपाशी. बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याच्या डोळ्याला ते रोजच्या सवयीने कळतं. साडेतीन फुटांचं काउंटर त्या अंतराच्या सत्तर टक्क्यांवर येतं. सात फुटांच्या दाराची चौकट रेषेच्या वर दोन फूट जाते. आणि छत रेषेच्या वर १७ फूट, म्हणजे खालच्या अंतराच्या जवळपास साडेतीन पट. उंचीचा जो परिणाम तुम्हाला हवाय तो या गुणोत्तरात आहे.

आठ फुटांवरून बघितलं की हे सगळं मोडतं. सगळी डोकी रेषेच्या खाली, जवळचं जास्त खाली, लांबचं कमी खाली. काउंटरची वरची बाजू ताटासारखी उघडी पडते. बघणारा स्टुलावर चढून बघतोय असं वाटतं आणि समोरचं सामान लहान होतं. तुम्ही माणसं टाकूनही फरक का पडला नाही, त्याचं निम्मं कारण इथे आहे.

दुसरं निम्मं लेन्समध्ये. १६ एमएमने, ३६ एमएमचा सेन्सर आणि १९२० पिक्सेल रुंद आडव्या चित्रात, ३० फुटांवरचं १२ फुटांचं काउंटर साधारण ३४० पिक्सेल येतं. म्हणजे रुंदीच्या अठरा टक्के. साडेपाच फुटांचा माणूस तिथे १५५ पिक्सेलचा. बाकीच्या चित्रात तुमच्या पायाशी असलेली फरशी आणि ताणलेल्या बाजूच्या भिंती. ज्याचं चित्र काढायचं तेच सगळ्यात लहान.

उंच जागेला उभी फ्रेम घ्या. मी अशा लॉबीला ४:५ घेतो, १६०० बाय २००० पिक्सेल. सेटिंग असे:

```
Focal Length   24 mm
Sensor Size    36 mm
Location Z     1.52 m   (5 फूट)
Rotation X     90°
Shift Y        0.15
```

`Rotation X` बरोबर ९० ठेवल्याने खांब आणि भिंतींच्या कडा सरळ उभ्या राहतात. छत दाखवायला कॅमेरा वर वाकवायचा नाही, `Shift Y` ने फ्रेम वर सरकवायची. ०.१५ ला क्षितिजरेषा चित्राच्या तळापासून ७०० पिक्सेलवर येते. फरशी साडेनऊ फुटांपासून पुढे दिसते, छत साडेसतरा फुटांपासून पुढे. काउंटर आता ५३३ पिक्सेल रुंद, म्हणजे बरोबर एक तृतीयांश, आणि तिथला माणूस सुमारे २४५ पिक्सेल उंच. त्याची पिशवी, काउंटरवरचा त्याचा हात, हे सगळं वाचता येतं.

मालकाला आडवंच चित्र हवं असेल, ब्रोशरसाठी बहुतेक हवं असतं, तर ते वेगळं काढा आणि त्यात छताचा वरचा भाग कापला जाऊ द्या. एका फ्रेममध्ये सगळं घालायच्या हट्टापायीच १६ एमएम येतं.

दिवे: कोणता दिवा किती उंचीवर

ॲम्बियंट, टास्क, ॲक्सेंट हे तीन थर सगळ्यांना पाठ असतात. तरी बहुतेक रेंडरमध्ये हे तिन्ही थर एकाच उंचीवर, छतातच बसवलेले असतात, आणि मग ते थर राहत नाहीत. उंच लॉबीत थर उंचीप्रमाणे वेगळे करायचे.

तुमच्या काउंटरचाच हिशेब करू. वरची बाजू साडेतीन फुटांवर, छतातला दिवा तिथून साडेअठरा फूट लांब. तोच दिवा साडेनऊ फुटांवर टांगलेल्या पट्टीत बसवला तर अंतर उरतं सहा फूट. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे तोच दिवा खाली आणल्यावर काउंटरवर साडेनऊ पट उजेड पडतो. आकड्यात सांगायचं तर काउंटरवर ३०० लक्स हवे असतील (रिसेप्शनला साधारण तेवढे धरतात) तर सहा फुटांवरून हजार कँडेला पुरतात, छतातून साडेनऊ हजार लागतात.

पण खरा फरक नुसत्या उजेडाचा नाही, त्याच्या आकाराचा आहे. ३६ अंशांचा साधा डाउनलाइट साडेअठरा फुटांवरून १२ फूट व्यासाचं वर्तुळ पाडतो. एका दिव्यात अख्खं काउंटर, समोरची फरशी, मागची भिंत, सगळं एकसारखं. असे २४ दिवे एकमेकांवर चढले की जमिनीवर एकही कड उरत नाही. तोच दिवा सहा फुटांवरून चार फुटांपेक्षा थोडं कमी वर्तुळ पाडतो. चार फूट म्हणजे काउंटरवर उभा एक माणूस आणि त्याची बॅग. १२ फुटांच्या काउंटरवर असे तीन दिवे म्हणजे उजेडाची तीन ठिकाणं, तीन माणसांची जागा. माणूस नसला तरी त्याची जागा चित्रात दिसते.

म्हणून काउंटरवर साडेनऊ फुटांच्या आसपास काहीतरी खाली उतरलेलं असणं फार उपयोगाचं. आर्किटेक्टने दिलं नसेल तर तुम्ही मनाने पाटईचं छत बांधू नका, डिझाइन त्यांचं आहे. विचारा. नाहीच म्हणाले तर तीन टांगते दिवे सुचवा, शेडची खालची कड काउंटरच्या वर तीन-साडेतीन फूट, म्हणजे समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआड येणार नाही. चंद्रपूरकडे बांबूचं काम करणारे आहेतच, ताडोबाच्या हॉटेलात विणलेल्या बांबूची शेड शोभते. तेही जमलं नाही तर काउंटरच्या कडेखाली एलईडी पट्टी आणि मागच्या भिंतीवर वॉश. एवढ्यानेही काम भागतं.

मागच्या भिंतीचा वॉश मात्र कोणत्याही परिस्थितीत द्या, आणि तो आठ-नऊ फुटांवर संपू द्या. सागवानी काउंटरची पुढची बाजू गडद असते. तिच्यावर ३०० लक्स पडले तरी कॅमेऱ्याला परत फार कमी मिळतं, काउंटर काळा ठोकळाच दिसतो. मागची भिंत उजळ असली की काउंटरची कड आणि स्टाफचे खांदे त्यावर रेखीव उठतात.

मधल्या थरात बसायच्या जागेचे लॅम्प, पाच-साडेपाच फुटांचे फ्लोअर लॅम्प, भिंतीवरचे ब्रॅकेट, मेझनाइन असेल तर तिच्या पोटातले दिवे. बसायच्या जागेवर शंभर-दीडशे लक्स पुरे.

सगळ्यात वरचा थर सगळ्यात मंद. छताच्या कडेने लपवलेली पट्टी, वरच्या भिंतीवर तीस-चाळीस लक्स, बस. छत काळोखात बुडू नये, पण तिथे डोळा थांबूही नये. काउंटर ३००, फरशी १००, वरची भिंत ३५, असा उतार ठेवला की उजेड वर जाता जाता विरतो आणि त्या विरण्यातूनच उंची कळते. तुमच्या २४ डाउनलाइटपैकी मी चालण्याच्या वाटेवरचे सहा-आठ ठेवीन, तेही १५ अंशांचे. त्यांचं वर्तुळ फरशीपाशी पोचेपर्यंत पावणेसहा-सहा फुटांचं होतं. बाकीचे रेंडरमध्ये बंद. प्रत्यक्षात ते बसवले तरी रोज सगळे लावणार नाहीत, वीजबिल मालकालाच भरायचंय.

एक तांत्रिक सावधगिरी. ब्लेंडरच्या लाइटमधला वॅट म्हणजे दिव्याच्या खोक्यावरचा वॅट नव्हे, त्यामुळे १२ वॅटचा दिवा म्हणून १२ टाकू नका. लक्सच्या मागे न लागता गुणोत्तर जुळवा. `View Transform` तात्पुरतं `False Color` करा आणि एकाच राखाडी मटेरियलचे तीन छोटे चौकोन काउंटरवर, फरशीवर आणि वरच्या भिंतीवर ठेवा. काउंटर ते फरशी साधारण दीड स्टॉप, फरशी ते वरची भिंत आणखी दीड. तिन्ही चौकोन एकाच रंगात आले तर तुमची लॉबी अजून जिनिंगमध्येच आहे.

वेळ बदला

बाहेर दुपारचं ऊन ठेवलंत तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. मे महिन्यातल्या चिमूरच्या उन्हाचे हजारो लक्स काचेतून आत आले की ३०० लक्सचं काउंटर त्यात दिसतही नाही. मग आपण एक्सपोजर वाढवतो, काच पांढरी फुटते, आणि लाइट वाढवायचा खेळ पुन्हा सुरू.

या हॉटेलची खरी वेळ कोणती ते बघा. सकाळच्या सफारीचे पाहुणे उजाडायच्या आधी लॉबीत जमतात, हातात चहा, बाहेर जिप्सी उभी. तेव्हा लॉबीतले सगळे दिवे लागलेले असतात आणि काचेबाहेर आकाश गडद निळं. प्रकाशाचे थर दाखवायला याहून चांगली वेळ नाही. पहाटेचं एचडीआरआय घ्या आणि त्याची `Strength` एवढी उतरवा की काचेबाहेरचं आकाश मागच्या भिंतीपेक्षा थोडं गडद राहील. आतले मधल्या थरातले दिवे २७०० केल्विन, काउंटरवरचे आणि वरची पट्टी ३०००. बाहेरचा निळा आपोआप त्याच्या विरुद्ध उभा राहतो. मालक दिवसाचंच चित्र मागत असतील तर सूर्य काचेच्या विरुद्ध बाजूला, इमारतीमागे घ्या आणि व्हरांड्याची खोल सावली दाखवा. थर थोडे फिके पडतील, ते त्यांना आधीच सांगून ठेवा.

माप देणाऱ्या आणि माप बिघडवणाऱ्या वस्तू

फरशी मोजा. खरंच मोजा. लॉबी २८ फूट रुंद आणि फरशी दोन बाय दोनची असेल तर आडव्या ओळीत १४ फरश्या यायला हव्यात. टेक्स्चरचा स्केल चुकून सातच आल्या तर बघणारा त्या दोन फुटांच्याच समजतो आणि अख्खा हॉल त्याच्यासाठी १४ फुटांचा होतो. मग वर कितीही नाजूक दिवे लावा. लाकडाच्या फळ्यांचंही तेच. सहा इंचांची फळी दीड फुटांची झाली की काउंटर खेळण्यातलं होतं. तुमच्या काउंटरचं असंच काही झालं असल्याची मला दाट शंका आहे.

फरशी आरशासारखी चकचकीतही ठेवू नका. २२ फूट छत खाली तेवढंच उलटं दिसलं की जमीन कुठे आहे तेच कळत नाही. माणसं तरंगतात. `Roughness` ०.२५ ते ०.३५ मध्ये ठेवली तर जवळचं प्रतिबिंब राहतं, छताचं विरघळतं, आणि खुर्चीच्या पायाखालची सावली दिसते.

सजावटीच्या वस्तूंपैकी कोणत्या माप देतात ते ओळखायला शिका. आपल्याकडच्या लॉबीत तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ठेवायची हौस असते. वस्तू देखणी आहे, पण नंदी तळहाताएवढा असतो आणि माणसाएवढाही असतो. त्यामुळे तो काउंटरशेजारी एकटा उभा केला तर माप सांगत नाही, उलट गोंधळ वाढवतो. झुंबराचं, कुंडीचं, भिंतीवरच्या वाघाच्या फोटोचं तसंच. ज्यांचा आकार बदलत नाही अशा गोष्टी हव्यात: काउंटरवर टेलिफोन, पेन, रजिस्टर, चहाचा कप, दाराची मूठ, जिन्याची सहा इंचांची पायरी, मेझनाइनचं साडेतीन फुटांचं रेलिंग. नंदी ठेवायचाच तर त्याच्या पाठीशी खुर्ची ठेवा.

माणसं तीन पुरेत. एक काउंटरच्या मागे, एक पुढे हात टेकून, एक मध्ये चालणारा. डोळे ५ फुटांच्या रेषेच्या आसपास आहेत का ते बघा, पाय फरशीला टेकलेत का ते बघा, आणि उजेड जुळवा. काउंटरपाशी उभ्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यावर वरून उजेड हवा. मध्ये चालणारा जवळपास सावलीतच हवा, कारण तुमचा उजेड त्याच्या मागे आहे. बाजूने सारखा उजळलेला कटआउट कुठेही चिकटवला की तो स्टिकर दिसतो, आणि स्टिकरला माप नसतं. जमलं तर थ्रीडी माणसं घ्या, सावली फुकट मिळते. आणि लायब्ररीतले ओव्हरकोटवाले साहेब कृपया नकोत. डिसेंबरच्या पहाटेचं चित्र असेल तर शाल, जॅकेट, कानटोपी चालेल.

शेवटचं रेंडर

प्रत्येक थराला वेगळा `Light Group` द्या. `View Layer` मध्ये तीन ग्रुप बनवा, खालचा, मधला, वरचा, आणि आकाशाला चौथा. प्रत्येक दिव्याच्या `Object` टॅबमध्ये `Shading` खाली तो नेमून द्या. ही सोय ३.२ पासून आहे. मग एकदाच रेंडर करून कंपोझिटरमध्ये वरचा थर अर्धा, खालचा दीडपट असं करून पाहता येतं. या ग्रुपचे पास डीनॉइज होऊन येत नाहीत, म्हणून जोडण्याआधी प्रत्येकाला वेगळा `Denoise` नोड लावा.

आधी छोट्या आकारात, ४०० बाय ५०० मध्ये, एकेक ग्रुप एकटा लावून बघा. फक्त खालचा थर लावल्यावर लॉबीत कुठे उभं राहायचं ते कळलं पाहिजे. फक्त वरचा लावल्यावर चित्र कंटाळवाणं वाटलं पाहिजे. उलट झालं तर अजून वरच्या दिव्यांवरच भिस्त आहे.

मोठं रेंडर रात्रभर लावणार असाल तर गावाकडची लाइट धरून चाला. इन्व्हर्टरवर जीपीयू फार वेळ तग धरत नाही. मी `Render Region` ने चित्राचे चार आडवे पट्टे करतो आणि प्रत्येक पट्टा वेगळ्या `EXR` मध्ये सेव्ह करतो. लाइट गेली तर एकच पट्टा पुन्हा करावा लागतो. मालकांना दाखवताना पहिल्यांदा ५ फुटांच्या कॅमेऱ्याचं, दिवे न बदललेलं छोटं रेंडर दाखवा, मग दिवे बदललेलं. कॅमेऱ्यानेच त्यांचं समाधान झालं तर छतातल्या डाउनलाइटबद्दल आर्किटेक्टशी बोलायचा तुमचा एक फोन वाचेल. मला मात्र वाटतं तो करावाच लागेल.